केकच्या माथ्यावरचं टेकाड आणि त्याला पडलेल्या भेगा

मेतकूट | शनिवार, रात्री १०:४०

पुढच्या रविवारी लेकीचा आठवा वाढदिवस. अननस घातलेला दोन थरांचा व्हॅनिला केक घरीच करीन, असं मी तिच्या मैत्रिणींसमोर कबूल करून बसले आहे. आज रंगीत तालीम केली. चव उत्तम, आतली जाळी उत्तम, पण वर असं टेकाड आलं की त्यावर एखादं देऊळ बांधता येईल. माथ्यावर तीन फाट्यांची भेग. सपाट करायला सुरी फिरवली तर जवळजवळ पाव केक ताटलीत आला. तो नवऱ्याने चहाबरोबर संपवला, त्यामुळे घरात या प्रश्नाकडे कुणी गांभीर्याने बघत नाही.

पट्टीने मोजलंय: कडेला उंची ४ सेंमी, मध्ये साडेसहा.

साहित्य: दीड कप मैदा, एक कप साखर, ११५ ग्रॅम लोणी, २ अंडी, अर्धा कप दही, पाव कप दूध, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा. काळा नॉनस्टिक टिन, ७ इंची, ३ इंच खोल. ओटीजी लहान आहे. १८० वर आधी दहा मिनिटं तापवला, दोन्ही रॉड चालू, मधला खण, ३५ मिनिटं.

काय चुकतंय? आणि कापाकापी न करता सपाट केक निघतो का?

टिल्लू_पंप | शनिवार, रात्री १०:५२

भेगा वाचून टाचांसाठी कोकम तेल सुचवायला आलो होतो. जातो परत.

वाटीचमचा | शनिवार, रात्री ११:०५

बेकिंग पावडर जास्त झालीय, बाकी काही नाही. दीड कपाला दीड चमचा घातलीत आणि वर सोडासुद्धा. सोडा काढा, पावडर एक चमचा करा, टेकाड गायब. मी वीस वर्षं केक करतेय, माझ्या केकला कधी डोंगर आला नाही.

कोकमसार | शनिवार, रात्री ११:३०

अगं तुझा फुगतो तरी! माझा मध्येच बसतो. ओव्हनमध्ये छान वर आलेला दिसतो आणि बाहेर काढला की मध्ये वाटी. त्यावर काय उपाय?

मेतकूट | शनिवार, रात्री ११:४१

कोकमसार, तुझी वाटी माझ्या टेकाडावर पालथी घालू, दोघींचं काम होईल. :)

वाटीचमचा, उद्या करून बघते. पण हीच पाककृती माझी बहीण तिच्या ॲल्युमिनियमच्या साध्या डब्यात करते, तेवढीच पावडर घालून, आणि तिचा बऱ्यापैकी सपाट येतो. म्हणून गोंधळ आहे.

भट्टीवाला | रविवार, सकाळी ६:१५

बहिणीच्या डब्यातच उत्तर आहे.

मी नगरला एका बेकरीत बावीस वर्षं काढली, त्यातली बारा भट्टीवर. टेकाड का येतं ते सांगतो. केक कडेकडून शिजायला लागतो. पत्रा आधी तापतो, त्याला टेकलेलं पीठ सात-आठ मिनिटांत घट्ट होतं आणि तिथलं फुगणं थांबतं. मधलं पीठ तोवर गारच असतं. ते सावकाश तापतं, सावकाश फुगतं, आणि कडा तर आता जागेवरून हलणार नाहीत, मग त्याने जायचं कुठे? वर. तेवढ्यात वरच्या रॉडने साल धरलेली असते. खालून दाब आला की ती तडकते. तुमची भेग म्हणजे उशिरा शिजलेल्या पिठाने फोडलेला दरवाजा आहे. भेगेच्या आतला भाग बघा, बाकी सालीपेक्षा फिका दिसेल. तो मागाहून वर आला.

काळा टिन उष्णता जास्त ओढतो, त्यामुळे कडा आणखी लवकर धरतात. पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात तेच सगळं जरा सबुरीने होतं.

वाटीचमचा ताईंचं अर्धं खरं आहे. जादा पावडरीने टेकाड टोकदार होतं. पण पावडर कमी केली तरी कडा आधी आणि मध्य नंतर हा क्रम बदलत नाही. केक ठेंगणा होतो, आणि त्या ठेंगण्या केकला ठेंगणं टेकाड येतं. या दह्याला पाव चमचा सोडा ठीक आहे, काढू नका. पावडर हवी तर सव्वा करा.

एक विचारतो. केक काढल्यावर बाजू कशी होती? गडद तपकिरी, जाडसर, पत्र्यापासून सुटलेली?

मेतकूट | रविवार, सकाळी ८:२०

अगदी तशीच. बाजू बिस्किटासारखी, मध्ये मात्र ३० मिनिटांनी काडी घातली तर ओली निघाली. म्हणून पाच मिनिटं जास्त ठेवला.

भट्टीवाला | रविवार, सकाळी ८:३३

मग निदान झालं. बाजूने आच जास्त. आधी ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक आणा. ओटीजीच्या बटणावर लिहिलेलं १८० आणि आतलं १८० यांची भेट क्वचित होते. नंतर बटण १६० वर, एक खण खाली, आणि वेळ ४५ ते ५० मिनिटं धरा.

नॉटिंगहॅमकर | रविवार, दुपारी १:१०

आच कमी कराच, पण माझं मत ओल्या पट्टीला. इकडे तयार पट्ट्या विकत मिळतात, पण माझ्या शेजारच्या आजी जुना टॉवेल फाडून करतात आणि मी त्यांच्याकडूनच शिकले.

सुती टॉवेल घ्यायचा. ज्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टर आहे तो नको, वितळेल. टिनच्या घेरापेक्षा चार बोटं लांब आणि उंचीला दुप्पट अशी पट्टी कापायची, उभी दुमडायची म्हणजे दोन पदर होतात. गार पाण्यात बुडवून पिळायची. पाणी ठिबकायला नको, पण हाताला चांगली ओली लागली पाहिजे. टिनला बाहेरून घट्ट गुंडाळून टोकं एकावर एक घ्यायची आणि मोठी सेफ्टी पिन लावायची. पीठ ओतायच्या आधी गुंडाळा, भरलेल्या टिनशी कुस्ती होते. पट्टी टिनच्या काठाच्या वर येऊ द्यायची नाही.

कापड ओलं असेतोवर त्याच्या आतला पत्रा पाणी उकळायच्या तापमानाच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण आलेली उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तोवर मधलं पीठ गाठतं. कडा आणि मध्य जवळजवळ बरोबरीने फुगतात आणि बरोबरीने धरतात.

पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं केक बिघडला. बाजू इतकी फिकी आणि मऊ होती की कच्चाच आहे असं समजून मी तो परत आत ढकलला आणि वाळवला. तेव्हा रंगावर जाऊ नका, मध्ये काडी घाला.

चौकस_चंपक | रविवार, दुपारी १:४५

ओटीजीत ओलं फडकं??? रॉड उघडे असतात ताई. इकडे लोक बातम्यांत येतील.

नॉटिंगहॅमकर | रविवार, दुपारी २:०२

रास्त भीती आहे. टोक लोंबत नाही ना, रॉडला लागत नाही ना, हे दार लावायच्या आधी बघायचं, आणि बाजूच्या भिंतीपासून दोन बोटं तरी अंतर हवं. लहान ओटीजीत ८ इंची टिन आणि वर पट्टी, असला हट्ट करू नये. आत उघडी ज्योत असलेल्या गॅस ओव्हनमध्ये मी तरी कापड घालणार नाही. तिथे किचन पेपरची ओली घडी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळून तिचीच पट्टी करतात. बाहेरून फॉइल, आत पाणी.

फुकट_सल्ला | रविवार, दुपारी ३:१८

एवढा खटाटोप कशाला. केक गरम असताना वर स्वच्छ पंचा ठेवून तळहाताने दाबायचा. खाली बसतो की.

भट्टीवाला | रविवार, दुपारी ३:४०

बसतो. घाईच्या ऑर्डरीत आम्हीही दाबलेत. पण मधली जाळी चेपते, तो भाग खाताना दडस लागतो, आणि भेग पडलेली असेल तर दाबल्यावर ती रुंदावते. अर्धा इंच टेकाड असेल तर दाबा. मेतकूट ताईंचा एक इंच आहे, तो दाबलात तर मध्ये खरवस होईल.

म्हापशाची_पोर | रविवार, सायंकाळी ६:०५

आमच्याकडे नाताळच्या फ्रूट केकला मम्मी ब्राऊन पेपरच्या दोन-तीन घड्या टिनला बाहेरून गुंडाळून सुतळीने बांधते. कोरडाच कागद. दीडशेवर अडीच तास भाजायचा असतो, तेवढा वेळ ओलं कापड टिकणार नाही, वाळून करपेल. कागद फक्त आच अडवतो, पण शेवटपर्यंत अडवतो.

बाथ मात्र आम्ही असा बांधत नाही. रवा आणि नारळाचं पीठ जड असतं, फार उसळत नाही. त्यावर पिठाच्या पट्ट्यांची जाळी असते, ती तडकली नाही म्हणजे मिळवलं.

भट्टीवाला | रविवार, सायंकाळी ६:३०

वा! आमच्या बेकरीत मोठ्या स्लॅब केकला लाकडी चौकटी होत्या. मोठ्या पत्र्यावर चौकट ठेवायची, आतून कागद लावायचा आणि पीठ ओतायचं. लाकूड तापायला वेळ लावतं, म्हणून चारही कडा मऊ आणि माथा टेबलासारखा. नवा पोऱ्या आला की चौकट धुवायला घ्यायचा आणि उस्ताद ओरडायचे. धुतली की लाकूड वाकडं होतं आणि पीठ खालून गळतं. ओल्या कपड्याने पुसायची आणि सावलीत ठेवायची.

कुकरमास्तर | रविवार, रात्री ९:१२

ओव्हन नसलेल्यांचं काय? मी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून केक करतो. माझ्या केकला भेग पडते पण टेकाड फार येत नाही. असं का?

भट्टीवाला | रविवार, रात्री ९:५०

कुकरात आच मुख्यतः खालून येते आणि केकमधलीच वाफ आत कोंडून राहते, म्हणून साल उशिरा धरते आणि माथा फार चढत नाही. भेग पडते म्हणजे गॅस मोठा आहे. मीठ मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवा, केक ठेवल्यावर अगदी बारीक करा. बुड लाल आणि मध्य ओला असं झालं तर अजून बारीक.

वाटीचमचा | रविवार, रात्री १०:१५

वाफेवरून आठवलं. ओव्हनमध्ये खाली पाण्याचा ट्रे ठेवला तरी भेगा जातात. पट्ट्या-बिट्ट्या नकोत.

नॉटिंगहॅमकर | सोमवार, दुपारी १२:२०

भेगा कमी होतात हे मान्य, कारण वरची साल ओलसर राहते आणि ताणली जाते. पण टिनच्या बाजूंना त्या ट्रेचा काही उपयोग नाही, त्या तापायच्या तेवढ्या तापतातच. मी करून बघितलंय: न तडकलेलं टेकाड मिळालं.

वाटीचमचा | सोमवार, दुपारी १२:४०

माझा सपाट येतो. ट्रेमुळे असो की कशामुळे.

डेन्व्हरचा_दादा | सोमवार, सायंकाळी ७:५५

सावधान, आच कमी करायचा सल्ला सगळीकडे चालत नाही. मी १६०० मीटर उंचीवर राहतो. इथे हवेचा दाब कमी, म्हणून तेवढ्याच पावडरीत केक जास्त आणि लवकर फुगतो, आणि धरायच्या आधीच दमून खाली बसतो. मी १५० वर केलेला केक कोकमसार यांच्या वाटीसारखा झाला. इथे पावडर कमी करतात आणि आच उलट थोडी वाढवतात. महाबळेश्वरला घर असलेल्यांनी नोंद घ्यावी.

टिल्लू_पंप | सोमवार, रात्री ८:०१

महाबळेश्वरला घर असलेले केक विकत आणतात हो.

भट्टीवाला | सोमवार, रात्री ८:३०

दादा बरोबर बोलतायत, आणि मैदानातही आच कमी करायला सीमा आहे. १४० वर गेलात की पीठ धरायला इतका वेळ लागतो की गॅस निसटून जातो. केक सपाट येतो खरा, पण जाळी मोठी, चिकट, आणि बुडाशी दडस थर. माझ्या हिशेबी १५० ते १६५ बरं. पंख्याचा ओव्हन असेल तर त्यातून आणखी दहा-पंधरा वजा करा.

कोकमसार ताई, तुमची वाटी बहुधा कच्चेपणी बाहेर काढल्याने होते, किंवा पावडर फार असल्याने. काडी कुठे घालता?

कोकमसार | सोमवार, रात्री ९:०५

कडेला. मध्ये घातली तर छिद्र दिसतं ना!

भट्टीवाला | सोमवार, रात्री ९:०७

ताई...

मफिनमामी | मंगळवार, सकाळी ११:१५

सगळे टेकाडाच्या मागे का लागलात? मफिनला आम्ही मुद्दाम आणतो. पहिली पाच-सात मिनिटं २१० वर, मग १८०. कडा पटकन धरतात आणि मधलं पीठ टोपीसारखं वर येतं. भट्टीवाला यांनी सांगितलेलाच प्रकार, फक्त हवाहवासा. लोफ टिनमधल्या केकलाही मधोमध लांब भेग शोभते. मी तर पिठावर मऊ लोण्याची एक बारीक रेघ ओढते, म्हणजे भेग वाकडीतिकडी न पडता त्या रेघेवरच पडते.

मेतकूट | गुरुवार, रात्री ११:२०

अहवाल. तीन दिवसांत तीन केक. शेजारपाजार आता आम्हाला टाळतो.

तापमापक आणला आणि पहिला धक्का तिथेच बसला. बटण १८० वर, आतला काटा २०५ ला. म्हणजे मी इतकी वर्षं सगळंच २०५ वर भाजत होते. आता खालचे आकडे काट्यावरचे आहेत. पाककृती तीच, टिन तोच काळा, पावडरही दीड चमचाच, म्हणजे तुलना खरी राहावी.

मंगळवार: खरे १८०, पट्टी नाही, एक खण खाली. ३८ मिनिटं. कडेला सव्वाचार सेंमी, मध्ये सहा. भेग एकच, नखाएवढी.

बुधवार: १६०, पट्टी नाही. ४८ मिनिटं. कडेला साडेचार, मध्ये साडेपाच. भेग नाही. हा खरं तर चालला असता.

आज: १६० आणि ओली पट्टी. जुन्या खादीच्या पंचाची केली, चार पदरी. पहिली वीस मिनिटं काही हालचालच दिसेना, मी काचेला नाक लावून. मग सगळं पीठ एकदम, परातीतल्या दुधासारखं सपाट वर आलं. ५६ मिनिटं लागली. कडेला पाच, मध्ये सव्वापाच! वर एकही भेग नाही. काढताना पंचा एका बाजूला वाळून खाकी झाला होता, रॉड त्याच बाजूला जवळ होता. चंपक, तुमची आठवण काढली.

एक तक्रार. बाजू खूपच फिकी आणि इतकी मऊ की टिनमधून काढताना एक चकती सुटून आली.

नॉटिंगहॅमकर | शुक्रवार, दुपारी १२:३०

किती वेळ टिनमध्ये ठेवलास? पट्टीच्या केकला कडक कवच नसतं, म्हणून दहाऐवजी वीस मिनिटं टिनमध्येच निवू दे. आणि बाजूंनाही बटर पेपर लाव, फक्त बुडाला पुरत नाही.

वाटीचमचा | शुक्रवार, दुपारी १२:५५

पण पावडर एक चमचा करून बघितली नाहीस. तीन केक केलेस, चौथा माझ्यासाठी करायला काय झालं होतं?

मेतकूट | शुक्रवार, दुपारी १:२०

मैदा संपला हो. :) वाढदिवसानंतर नक्की.

भट्टीवाला | शुक्रवार, दुपारी २:००

खाकी झालेली बाजू लक्षात ठेवा. तिथे पट्टी आधी वाळली, म्हणजे तिथली कड आधी धरली असणार. रविवारी अर्ध्या वेळानंतर टिन एकदा फिरवा, पण ३० मिनिटांच्या आधी दार उघडू नका. आणि पट्टी पिळताना हात जरा सैल ठेवा, तासभर टिकायचं आहे तिला.

मेतकूट | सोमवार, सकाळी ७:४५

झाला वाढदिवस. टिन ३२ व्या मिनिटाला फिरवला, पंचा शेवटपर्यंत ओलसर होता. सुरी फक्त मधून दोन थर करायला लागली. पाहुण्यांनी काही विचारलं नाही. लेकीने मात्र तक्रार केली की या वेळी वरचा कुरकुरीत तुकडा कुठे गेला.

आता पुढचा प्रश्न. जाऊबाईंनी चौकोनी केक मागितलाय. चौकोनी टिनला पट्टी कशी बसवायची? कोपऱ्यात सुटते.

भट्टीवाला | सोमवार, सकाळी ८:१०

सुटतेच, आणि कोपरे तर दोन बाजूंनी तापतात, म्हणजे तिथेच जास्त गरज. एका लांब पट्टीऐवजी दोन घ्या आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर पिना लावा, म्हणजे ताणून बसते. टिन ८ इंची असेल तर तुमच्या ओटीजीत आधी रिकामा, पट्टीसकट ठेवून बघा. भिंतीला लागला तर पट्टी विसरा, १५५ वर भाजा.